निळा कसा दिसतोय?

थोरलीने वातीला काडी लावली, चार पावलं मागे आली आणि सवयीने श्वास रोखला. आतषबाजीच्या कारखान्याच्या कंपाउंडच्या पार टोकाला, सगळ्या खोल्यांपासून लांब, विटांची एक तीन भिंतींची चौकट होती. आतून काळी फासलेली, खाली वाळू. दिवे लागायच्या वेळेला त्या वाळूत एक गोळी ठेवून पेटवायची आणि रंग बघायचा, ही इथली रोजची परीक्षा. परीक्षक एकच, थोरली.

गोळी फुरफुरली, पेटली आणि जळाली. निळा नव्हता तो. निळ्या कापडावर कोणी पातळ चहा सांडावा आणि डाग तसाच वाळू द्यावा, तसा काहीतरी मळका, पांढुरका उजेड होता. कडेला थोडा निळा होता म्हणायचा, पण तोही भीत भीत आल्यासारखा.

"कसा आहे, जाऊबाई?" धाकटीने मागून विचारलं. धाकटी म्हणजे धाकट्या दिराची बायको. मोजमाप सगळं तिच्याकडे. ग्रॅमचा दहावा हिस्सा चुकला तर ती रात्रभर कूस बदलत राहील, अशी बाई.

"ठीक आहे," थोरली म्हणाली.

"ठीक?"

"ठीक म्हणजे ठीक. आता काय पाटी लिहून लावू?"

थोरलीने ठीक म्हटलं की ठीक, हा कारखान्याचा कायदा होता. तो मोडायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती, आणि खरं सांगायचं तर कोणाला गरजही पडली नव्हती. थोरलीचा डोळा म्हणजे डोळा. लालात नारिंगीची जरा झाक आली तरी ती नाक मुरडायची.

आज मात्र ती धडधडीत खोटं बोलली होती, आणि हे सलग तिसऱ्या घाण्याला, म्हणजे एका वेळी कालवलेल्या तिसऱ्या मालाला.

आकाशातला रंग बघून लोकांना वाटतं, गोळीच्या आत रंग भरलेला असतो. रंग-बिंग काही नसतो. गोळी म्हणजे करड्या पिठाचा सुकलेला चौकोनी तुकडा, हातात घेतला तर शंभर जणांत एकालाही सांगता यायचं नाही की हा लाल की हिरवा. सगळी करामत धातूंच्या क्षारांची. स्ट्रॉन्शियमचा क्षार पांढरा, बेरियमचाही पांढरा, शेजारी शेजारी ठेवले तर जुळे भाऊ. पण ज्वाळेत गेले की त्यांची वाफ होते, ती तापते, आणि तापलेली वाफ आपापला ठरलेला रंग बाहेर टाकते. स्ट्रॉन्शियम लाल, बेरियम हिरवा. तिथे कोणाची मनधरणी चालत नाही आणि कोणाची फसवणूकही चालत नाही. थोरलीला हा धंदा आवडायचा तो त्यासाठीच.

निळा तेवढा नखरेल. तो तांब्यापासून येतो, पण एकट्या तांब्यापासून नाही. तांब्याला ज्वाळेत क्लोरीनची सोबत लागते. दोघं हातात हात घालून टिकले तर निळा. आच जास्त झाली की जोडी तुटते आणि रंग पांढरट होऊन उडून जातो. आच फारच कमी ठेवली तर रंग येतो, पण उजेड इतका मंद की वर आभाळात कोणाला दिसायचाच नाही. या दोन्हींच्या मधली जी बारीकशी वाट आहे, ती थोरलीला तिच्या वडिलांनी दाखवली होती. लग्न होऊन या घरात आली तेव्हा दागिन्यांऐवजी तेवढंच काय ते तिने बरोबर आणलं, असं तिची सासू चारचौघांत सांगायची. आणि ते कौतुकाने सांगायची, टोमण्याने नव्हे, हे विशेष.

आणि या वेळचं कामच निळ्याचं होतं. नदीवर नवा पूल झाला होता, त्याच्या उद्घाटनाला आतषबाजी. पूल बांधणाऱ्या साहेबांना पुलावरून खाली निळं पाणी पडल्यासारखं दिसायला हवं होतं. "बाकी काही नसलं तरी चालेल, पण निळा पाहिजे," असं ते म्हणाले होते. दुसऱ्या दोन कारखान्यांनी निळ्याचं नाव ऐकून हात वर केले होते. थोरलीच्या नवऱ्याने मात्र छाती पुढे काढून सांगितलं, "निळा? आमच्या घरात निळा म्हणजे डाव्या हातचा मळ." हात अर्थातच बायकोचा.

थोरलीने काय नाही केलं? आधी वाटलं, आच वाढली असेल. ती कमी करून बघितली. मग वाटलं, तांब्याच्या क्षाराचा डबा जुना असेल. नवा सीलबंद मागवला. मग संशय आला सोडियमचा. सोडियम हा या धंद्यातला सगळ्यांत आगाऊ पाहुणा. त्याचा रंग पिवळा, आणि तो एवढा भडक की नखभर शिरला तरी बाकीच्या सगळ्यांना मागे ढकलून स्वतः पुढे बसतो. म्हणून तिने चाळण्या धुतल्या, पाट्या धुतल्या, प्रत्येक पावडर तारेच्या टोकावर घेऊन वेगळी जाळून पाहिली. कुठेच पिवळा दिसला नाही. पण न दिसण्यावर तिचा भरवसा आता उरला होता कुठे!

कारण तिच्या मनात एक भलतीच पाल चुकचुकत होती.

तिच्या वडिलांचा निळा असाच गेला होता. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस हळूहळू मरते, दुखत काही नाही. त्यांचा लाल राहिला, हिरवा राहिला, आणि निळा तेवढा आधी विटला. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. गोळी पेटवायची, बघायचं, आणि म्हणायचं, "ठीक आहे." एक दिवस भर गर्दीत निळ्याच्या जागी राखाडी उजेड फुटला आणि कोणीतरी शिट्टी मारली. त्या रात्रीनंतर ते परत कधी कारखान्याची पायरी चढले नाहीत. रागावून नाही. त्यांना लाज वाटली. पुढची सगळी वर्षं ते खिडकीत बसून राहिले, आणि घरातलं कोणी रंगाचं नाव काढलं की उठून आत जायचे.

डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, हा रोग रक्तातून उतरतो, मुलीने डोळे तपासून घेत राहावं. थोरली तपासून घेत राहिली, पण कधीतरी कंटाळा केला, कधी कामाचं निमित्त झालं, आणि मग बरीच वर्षं गेलीच नाही. आता ती वडिलांच्या त्याच वयाला आली होती. लाल व्यवस्थित दिसत होता. हिरवा व्यवस्थित दिसत होता. निळा तेवढा विटला होता. आणि ती म्हणत होती, "ठीक आहे." तेच शब्द.

घरात ती चोरून डोळ्यांची परीक्षा घ्यायची. मोरीतला निळा मग बघ, निळी बादली बघ. दिसत होते निळेच. पण बादली निळी आहे हे डोक्याला आधीच ठाऊक असतं, डोळा नुसता मान डोलावतो. तिचं समाधान होईना.

खरी परीक्षा एकच होती आणि तिलाही ती माहीत होती. मालाच्या खोलीत गेल्या वर्षीच्या निळ्या गोळ्यांचा नमुन्याचा डबा होता. त्या गोळ्यांचा निळा तिने स्वतः पाहिला होता, मोरपिसासारखा. त्यातली एक पेटवायची. ती निळी दिसली तर डोळा शाबूत. ती पण मळकी दिसली तर संपलं. इतकं सोपं. म्हणूनच ती त्या डब्याकडे फिरकत नव्हती. विचारलंच नाही तर उत्तर येत नाही, असा तिचा हिशेब. जगाला शहाणपण शिकवणारी बाई स्वतःच्या बाबतीत अशी वागते, यात नवल करण्यासारखं काही नाही.

त्या रात्री नवऱ्याने जेवताना विचारलं, "काय गं, हल्ली गप्प गप्प असतेस?"

"गप्प असते तरी तुम्हाला त्रास, बोलते तरी त्रास."

"निळ्याचं कसं चाललंय?"

"ठीक आहे."

नवऱ्याने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मग भाकरी मोडली. रंगाच्या बाबतीत तो कधीच काही बोलत नसे. त्याला जन्मापासून लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नव्हते. आतषबाजीवाल्याच्या घरात जन्मून रंगांधळा, म्हणून त्याच्या बापाने त्याला रंगाच्या खोलीतून बाहेर काढलं आणि गोळे उडवायच्या नळ्या जमिनीत पुरायला, वाती जोडायला लावलं. त्यात तो वाकबगार होता. "वर गेला, वेळेवर फुटला, खाली कोणाचं डोकं फुटलं नाही, की माझं काम झालं," असं तो म्हणायचा. रंगाच्या चर्चेत कोणी त्याला धरत नसे आणि त्याला त्याचं काही वाटतही नसे, किंवा निदान तसं दाखवत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने मनाशी ठरवून टाकलं. आजचा घाणा शेवटचा. हाही तसाच निघाला तर धाकटीला बाजूला घेऊन सगळं सांगायचं, पुलाचं काम सोडायचं आणि खोलीची किल्ली तिच्या हातात द्यायची. भर गर्दीत शिट्टी ऐकण्यापेक्षा ते बरं.

घाण्याला खळ हवी होती. सुक्या पावडरी नुसत्या एकत्र केल्या तर त्यांची गोळी होत नाही, त्यांना धरून ठेवायला पिठाची पातळ खळ लागते. तीच खळ घट्ट केली की आभाळात उडवायच्या मोठ्या गोळ्यांवर कागद चिकटवायला चालते. ती शिजवायची जागा कुंपणाबाहेर, राहत्या घराच्या मागच्या पडवीत. कारण तिथे गॅस, आणि गॅस असेल तिथे फटाक्यांची दारू नाही, दारू असेल तिथे गॅस नाही, हा नियम सासऱ्यांच्या काळापासून. एरवी खळ धाकटी गार करून आत आणून द्यायची. आज धाकटी मोजायला बसली होती म्हणून थोरली स्वतः गेली.

पडवीत धाकटा दीर होता. सारी हयात त्याने बोटीवर स्वयंपाक केला, आणि नुकताच कायमचा घरी आला होता. घरी आला तो रिकामा बसेना. बायकोच्या हातातून पळी काढून घेतली आणि म्हणाला, "घोटून घोटून मनगट दुखतंय म्हणतेस ना? आजपासून खळ माझी." घरात सगळे त्याला आचारी म्हणायला लागले होते. त्यालाही ते आवडत होतं. साध्या खळीच्या पातेल्यापुढे तो असा उभा राहायचा, की जणू कप्तानाचं जेवण चाललंय.

"या वहिनी, या. बघा कशी झालीये. गुठळी दाखवा, बक्षीस देतो."

"गार कधी होईल ते सांगा."

"घाई केली की बिघडतं. सगळ्याच पदार्थांचं असं असतं."

"हा पदार्थ नाही, भाऊजी. खळ आहे."

तो हसला आणि बोलण्याच्या नादात त्याचं लक्ष उडालं. पातेल्यात बुडबुडे चढले, खळ भसकन वर आली आणि काठावरून गॅसवर ओघळली.

थोरली बघत होती म्हणून दिसलं. बर्नरभोवती निळ्या ज्योतींचं कडं होतं. खळ पडली तिथे ते कडं एकदम पिवळंधमक झालं. साधं पिवळं नव्हे, भडक, डोळ्यांत घुसणारं. आचाऱ्याने हाय-हाय करत पातेलं उचललं, ओघळ जळून गेला, ज्योत परत निळी झाली. पातेलं पुन्हा ठेवलं, बुडाचा एक थेंब टपकला, पुन्हा पिवळी. मग निळी.

तो पिवळा तिच्या ओळखीचा होता. पोरवयापासून ओळखीचा. पीठ जळलं की ज्योत जरा पिवळट होते, पण इतकी नाही. असली पिवळी एकच वस्तू करते.

तिने पळी उचलली, टोकाला बोट लावलं, फुंकर मारली आणि बोट तोंडात घातलं.

खळ खारट होती. नीट, बेताची, जेवणात असते तशी खारट.

"भाऊजी," तिने पळी पुढे धरली, "यात मीठ घातलंय?"

"घातलंय की!" आचारी अभिमानाने म्हणाला. "चवीपुरतं. पहिल्या दिवशी चाखली तर अगदीच पाणचट. म्हटलं, ही काय खळ आहे का शिक्षा? शिवाय मिठाने टिकते. तिसऱ्या दिवशी वास मारत नाही, बघा तुम्ही."

"चाखली? खळ चाखली?"

"मग न चाखता कसं कळणार, झाली का ते?"

ज्या माणसाने आयुष्यभर एकही पातेलं न चाखता खाली उतरवलं नाही, त्याचा हात खळीवर आला म्हणून काय बदलणार होता? आणि थोरलीने तरी प्रत्येक पावडर तारेवर जाळून पाहिली होती, पण खळ पाहिली नव्हती. खळ म्हणजे पाणी आणि पीठ, त्यात काय बघायचं? मीठ म्हणजेच सोडियम, हे तिला झोपेत विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. आणि लाल, हिरव्याचे घाणे या वेळी आधीच होऊन गेले होते, धाकटीच्या हातच्या अळणी खळीने. खारट खळ आली ती फक्त निळ्याच्या वाट्याला.

तिला एकदम हसू फुटणार होतं, पण तिने ते दाबलं. अजून नाही. मीठ सापडलं म्हणजे डोळा सापडला असं नव्हे. दोन्ही असू शकतं. मीठही आणि काचबिंदूही. मन एवढं हावरं झालं होतं की त्याच्यावर विश्वास ठेवायचा तिला धीर होईना. आता तो डबा टाळता येणार नव्हता.

दिवस कसा गेला ते तिला कळलं नाही. दिवे लागायच्या वेळी तिने मालाच्या खोलीच्या दाराशी तांब्याच्या पत्र्याला हात लावला. आत जाताना प्रत्येकाने लावायचा, अंगातली वीज त्यातून जमिनीत जाते. मग डबा काढून एक जुनी गोळी घेतली. चौकटीतल्या वाळूत एक जुनी, एक तिसऱ्या घाण्यातली नवी, हातभर अंतरावर. धाकटी होती, आचारी होता, आणि नळ्या पुरण्याचं काम टाकून नवराही आला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"दोन कशाला?" धाकटीने विचारलं.

थोरलीने काडी ओढली. काडी विझली. दुसरी ओढली. आधी नव्या गोळीची वात, मग जुन्या गोळीची.

नवी पेटली. मळकी, पांढुरकी.

मग जुनी पेटली.

निळी! अशी निळी की विटांच्या काळ्या भिंती निळ्या झाल्या, वाळू निळी झाली, शेजारच्या त्या भिकार उजेडाची तर दयाच यावी. थोरलीला तो निळा दिसला. भरभरून, काठोकाठ दिसला. गोळ्या विझल्या, काळोख झाला, तरी ती तिथेच बघत उभी होती. मग ती सरळ जमिनीवर बसली.

"अगं! काय झालं?" नवरा धावला.

"काही नाही. दिसतंय," ती म्हणाली. आणि रडायला लागली. रडता रडता हसायलाही लागली. "अहो, मला दिसतंय!"

मग सगळं बाहेर पडलं. वडील, काचबिंदू, तीन घाणे, ते खोटं 'ठीक आहे', खोलीची किल्ली द्यायचा बेत. जीव भांड्यात पडलेला माणूस बोलायला लागला की थांबत नाही, तसं तिचं झालं. आचाऱ्याला त्याच्या चवीपुरत्या मिठाने काय केलं ते कळलं तेव्हा त्याचा चेहरा असा पडला की त्याला धीर द्यायची पाळी थोरलीवरच आली. "अहो भाऊजी, त्या मिठाने माझे डोळे परत दिले. नुसताच मळका उजेड दिसत राहिला असता आणि कारण सापडलं नसतं तर मी काय केलं असतं?"

धाकटी मात्र हसत नव्हती. ती चौकटीच्या भिंतीला टेकून उभी होती.

"जाऊबाई," ती म्हणाली, "मला पण मळकाच दिसत होता."

"काय?"

"पहिल्या घाण्यापासून. तुम्ही ठीक म्हणालात. मला वाटलं, माझंच मोजताना काहीतरी चुकतंय आणि तुम्ही मला बोल लागू नये म्हणून झाकताय. रोज रात्री काटा तपासत बसायचे. ह्यांना विचारा."

"खरं आहे," आचारी म्हणाला. "ही झोपेत ग्रॅम पुटपुटते."

थोरलीने कपाळावर हात मारून घेतला. तिला वाटलं होतं, आपलं खोटं आपल्यापुरतं आहे. आणि इथे ही पोर आठवडेच्या आठवडे स्वतःला दोष देत काट्यापाशी बसली होती.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्यापुढे? रंगाचं?"

इतक्यात नवऱ्याने घसा खाकरला. एखाद्याने न विचारता वरण वाढून घ्यावं तसा ओशाळून तो म्हणाला, "मला पण फिकाच वाटत होता."

सगळे त्याच्याकडे वळले.

"तुम्हाला?" थोरली म्हणाली. "तुम्हाला लाल नि हिरव्यातलं कळत नाही!"

"लाल-हिरव्यातलं नाही कळत. निळ्या-पिवळ्यातलं कळतं की. लख्ख कळतं. डॉक्टर लहानपणीच म्हणाले होते. पण मला रंगाचं कोणी विचारतंय कुठे? मी म्हटलं, जाऊ दे, सगळ्या जगाला ठीक दिसतोय, आपल्याला काय अक्कल." तो थांबला. "काल रात्री विचारणार होतो. मग म्हटलं, तू चिडशील."

म्हणजे चौघांपैकी तिघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तिघंही मूग गिळून बसले होते, प्रत्येक जण स्वतःलाच खोटं ठरवून. चौथ्याने मीठ घातलं होतं आणि त्याचा निदान तोंडावर ताबा नव्हता, म्हणून निभावलं.

खारट घाणे बाजूला काढून रीतसर नष्ट केले. आचाऱ्याला पडवीतून हाकललं नाही. उलट त्याच्याच पातेल्यावर हात ठेवायला लावून, खळीत पाणी आणि पीठ याखेरीज काहीही पडणार नाही, अशी त्याच्याकडून शपथ घेतली. त्याने ती घेतली, पण "चाखायची तरी परवानगी द्या" म्हणून हटून बसला, आणि थोरलीने ती दिली. निदान मीठ पडलं तर कोणाला तरी कळेल.

त्याच आठवड्यात नवरा तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिने पुढच्या वेळी म्हणून पाहिलं, पण या वेळी त्याने ऐकलं नाही. डॉक्टरांनी दाब मोजला, नस बघितली, एका विचित्र यंत्रात डोकं घालून ठिपके मोजायला लावले. दाब जरा वरच्या बाजूला होता. नस ठणठणीत होती. रात्री एकेक थेंब टाकायचा आणि दर वर्षी न चुकता दाखवायचं. वडिलांनी वेळेवर सांगितलं असतं तर त्यांचाही बराचसा निळा वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर पडल्यावर नवरा नुसता तिच्या बाजूने चालत राहिला.

पुलाच्या दिवसाआधी नवा घाणा सावलीत सुकून तयार झाला. दिवे लागायच्या वेळी चौघं चौकटीपाशी जमले. थोरलीने वाळूत गोळी ठेवली, काडी ओढली, वात पेटवली आणि मागे आली. गोळी पेटली.

धाकटी, आचारी, नवरा, सगळे सवयीने थोरलीकडे बघायला लागले. तिला दिसत होतं ते काय आहे. पण तिने ओठ घट्ट मिटले आणि नवऱ्याकडे वळली.

"आधी तुम्ही सांगा."

"मी?"

"तुम्ही. मग ही, मग भाऊजी. मी शेवटी."

नवऱ्याने मान वळवून गोळीकडे बघितलं. इतक्या वर्षांत या जागी उभं राहून त्याला पहिल्यांदाच कोणी रंग विचारला होता. गोळी विझत आली होती. त्याच्या चेहऱ्यावर तिचा उजेड अजून होता.

"निळा," तो म्हणाला. "अगदी निळा."